लाव्हा सोडून बाकीचं काय? पायरोक्लास्टिक फ्लो, राख आणि लाहार यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपत्ती व्यवस्थापन शिकणाऱ्यांना ज्वालामुखी हा विषय आला की जे प्रश्न हमखास पडतात ते इथे घेतलेत. उत्तरं शक्यतो एकाच उदाहरणाला धरून दिलीत, फिलिपिन्समधला माउंट पिनातुबो, १९९१. कारण तिथे हे तिन्ही धोके एकाच डोंगरातून आले, आणि तिन्हींनी माणसाला दिलेला वेळ मात्र वेगवेगळा होता. वाचताना तेवढं एक लक्षात ठेवा, प्रत्येक धोक्यापुढे "आपल्या हातात किती वेळ असतो?" हा प्रश्न विचारायचा.

ज्वालामुखीत माणसं लाव्हामुळेच मरतात ना?

बहुतेक वेळा नाही. लाव्हा घर जाळतो, शेत कायमचं गाडून टाकतो, रस्ता बंद करतो, पण तो सहसा इतका हळू सरकतो की माणूस चालत बाजूला होऊ शकतो. काही अपवाद आहेत, खूप पातळ लाव्हा तीव्र उतारावरून वेगात येतो, पण ते अपवादच. आपण महाराष्ट्रातली माणसं तर लाव्ह्याच्याच दगडावर राहतो, सह्याद्रीचा काळा बसाल्ट म्हणजे थरावर थर साचून गोठलेला लाव्हा, त्यामुळे ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तेच येतं. पण पिनातुबोसारख्या डोंगरातला मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, चिकट असतो आणि त्यात गॅस कोंडलेला असतो, तो शांतपणे वाहत नाही, फुटतो. आणि फुटला की त्याचा चुरा होतो. पुढचे तिन्ही धोके म्हणजे ह्या चुऱ्याचेच तीन प्रवास, काही चुरा गॅससोबत जमिनीलगत धावतो, काही वर जाऊन खाली पडतो, आणि जो पडून राहिला तो पाण्यासोबत पुन्हा निघतो.

पायरोक्लास्टिक फ्लो म्हणजे नेमकं काय?

गरम गॅस, राख, प्युमिस म्हणजे बारीक छिद्रांच्या हलक्या ज्वालामुखी दगडाचे तुकडे, आणि दगड यांचं मिश्रण, जे डोंगरावरून जमिनीला धरून खाली येतं. लांबून ढग लोळत येतोय असं वाटतं पण ते हवेपेक्षा खूप जड असतं म्हणून तर ते वर न जाता खाली पळतं. तापमान साधारण २०० ते ७०० अंश सेल्सिअस, वेग बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटरच्या वर. जड भाग दऱ्या धरून जातो, पण त्याच्यावरचा हलका भाग, ज्याला सर्ज म्हणतात, तो दरीतून बाहेर पडून टेकड्या ओलांडू शकतो, पाण्यावरूनही जातो. म्हणून "मी नदीच्या पलीकडे आहे" किंवा "मधे टेकडी आहे" याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

१५ जून १९९१ ला पिनातुबोवरून हे फ्लो सगळ्या बाजूंनी खाली आले, साधारण १२ ते १६ किलोमीटरपर्यंत गेले आणि काही दऱ्या २०० मीटरपर्यंत भरून टाकल्या. २०० मीटर म्हणजे साठ-सत्तर मजली इमारत बुडेल एवढी जाडी. हा आकडा डोक्यात असू द्या, पुढे लाहारच्या प्रश्नात लागणार आहे.

गाडीने पळून किंवा घरात दारंखिडक्या बंद करून वाचता येत नाही का?

त्याच्या वाटेत असाल तर यावर भिस्त ठेवता येत नाही. हे कडवट वाटतं पण शिकणाऱ्यांनी पहिल्या दिवशी स्वीकारावं असं हे आहे. एवढ्या तापमानात एक-दोन श्वास पुरतात. फ्लो दिसल्यावर करायची कृती असं काही नियोजनात ठेवता येत नाही, जे करायचं ते आधी, म्हणजे तिथून निघून जायचं. इथे वेळ शून्य धरायचा.

जपानच्या माउंट उनझेनवर ३ जून १९९१ ला ४३ जण एका पायरोक्लास्टिक फ्लोमध्ये गेले, त्यात मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे फ्रेंच ज्वालामुखी अभ्यासक जोडपं होतं आणि अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी ग्लिकन होते. ज्यांनी आयुष्यभर हेच जवळून पाहिलं होतं ती माणसं. आणि मॉरिस क्राफ्ट यांनीच ज्वालामुखीच्या धोक्यांवर एक व्हिडिओ तयार केला होता, त्याची प्रत त्याच सुमारास फिलिपिन्समध्ये अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली जात होती. कारण ज्यांनी कधी पायरोक्लास्टिक फ्लो पाहिलाच नाही त्यांना नुसत्या शब्दांनी तो समजत नव्हता. पिनातुबोचा मोठा उद्रेक त्यानंतर बारा दिवसांनी झाला. मला ही गोष्ट सांगताना दरवेळी गलबलून येतं.

मग पिनातुबोला लोकांना आधी कसं हलवलं? कळलं कसं?

पिनातुबो सुमारे ५०० वर्षं शांत होता, तिथल्या बऱ्याच लोकांना तो ज्वालामुखी आहे हेच माहीत नव्हतं. २ एप्रिल १९९१ ला वाफेचे स्फोट झाले. ज्वालामुखी आणि भूकंपांवर लक्ष ठेवणारी फिलिपिन्सची संस्था फिव्होल्क्स, संचालक रेमुंदो पुनोंगबायान, आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची ख्रिस न्यूहॉल यांच्यासोबत आलेली टीम, यांनी भूकंपमापक लावले आणि एक काम असं केलं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी जुने थर तपासले. दऱ्यांच्या कडांमध्ये आधीच्या उद्रेकांचे पायरोक्लास्टिक थर दिसत होते, त्यात जळालेल्या लाकडाचा कोळसा होता, त्याच्यावरून वय काढता आलं. म्हणजे डोंगराने आधी कुठपर्यंत हात पोचवलाय ते त्यानेच लिहून ठेवलं होतं. त्यावरून मे महिन्यात हॅझर्ड मॅप, म्हणजे कुठला धोका कुठपर्यंत पोचू शकतो ते दाखवणारा नकाशा, तयार झाला.

सोबत गॅस मोजत होते. सल्फर डायऑक्साइड १३ मे ला दिवसाला साधारण ५०० टन होता, २८ मे ला ५,००० टन, दोन आठवड्यांत दहापट, म्हणजे ताजा मॅग्मा वर येतोय. मग अचानक तो कमी झाला. इथे नवखा माणूस फसू शकतो, गॅस कमी झाला म्हणजे संकट टळलं असं वाटतं, पण वाट बुजल्यामुळे गॅस आत कोंडला जातोय असाही अर्थ होऊ शकतो. ७ जूनला वर लाव्हाचा छोटा घुमट दिसला, ९ जूनला अलर्ट लेव्हल ५, म्हणजे सगळ्यात वरचा इशारा, १० जूनला जवळच्या क्लार्क या अमेरिकन हवाई तळावरून साधारण १४,५०० लोक निघाले. हलवायचा पट्टा आधी १० किलोमीटर, मग २०, मग ३०, आणि १५ जूनला ४० किलोमीटर असा वाढत गेला. या सगळ्यामुळे किमान ५,००० जीव वाचले असा अंदाज केला जातो.

ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतल्या राखेसारखीच का?

अजिबात नाही, नाव तेवढं सारखं. चुलीची राख मऊ, हलकी, पाण्यात कालवली तर भांडी घासता येतात. ही राख म्हणजे काचेचे आणि खनिजांचे बारीक तुकडे, २ मिलिमीटरपेक्षा लहान, टोकदार. पाण्यात विरघळत नाही. ओली झाली की वीज वाहून नेते म्हणून विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर शॉर्ट होतात आणि नेमकी गरज असते तेव्हाच लाइट जातात. विमानाच्या इंजिनात गेली की आत वितळून चिकटते आणि इंजिन बंद पडू शकतं. १९८२ मध्ये जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत एका जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती, नशीब की खाली येताना ती पुन्हा सुरू झाली.

राख एवढी बारीक असते तर तिने माणसं कशी मरतात?

छपरामुळे. पिनातुबोला उद्रेकाच्या वेळी जे मृत्यू झाले त्यात सगळ्यात मोठा वाटा, साधारण ३०० माणसं, छप्पर कोसळून गेलेली होती.

हिशोब करून बघा. कोरडी ताजी राख १० सेंटीमीटर जाड साचली तर एका चौरस मीटरवर साधारण ४० ते ७० किलो वजन होतं. तीच ओली झाली की १०० ते १२५ किलो. आता आपली नेहमीची १० बाय १२ फुटांची खोली घ्या, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर छप्पर. कोरड्या राखेचं वजन पाचशे-सातशे किलो, ओलीचं अकराशे ते चौदाशे. म्हणजे पत्र्यावर एक लहान कार आणून ठेवल्यासारखं. राख तेवढीच, फक्त पाऊस पडला.

आणि १५ जूनला नेमकं तेच झालं. युन्या नावाचं चक्रीवादळ, तिथे त्याला दिदिंग म्हणतात, त्याच दिवशी पिनातुबोच्या जवळून गेलं. दुपारी १ वाजून ४२ मिनिटांनी मुख्य उद्रेक सुरू झाला, राख ३५ किलोमीटरच्या वर गेली, आणि वादळाचा पाऊस त्या राखेसकट खाली आला. दुपारीच काळोख, ओल्या राखेचा आणि प्युमिसच्या खड्यांचा मारा, वरून भूकंपाचे धक्के. वादळ नसतं तर यातली बरीच छपरं टिकली असती.

नंतर पडलेल्या इमारतींची पाहणी झाली तेव्हा दिसलं की मधे आधार नसलेली मोठी, रुंद छपरं जास्त पडली, छोट्या खोल्यांची त्यामानाने टिकली. हे निवारा निवडणाऱ्यांनी लिहूनच ठेवा. आपण पूर आला की लोकांना शाळेच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात नेतो, जागा मोठी म्हणून. राखेच्या वेळी तीच मोठी जागा धोक्याची होऊ शकते, विशेषतः पत्र्याचं शेड असेल तर.

छपरावरची राख कधी आणि कशी काढायची?

काही सेंटीमीटर साचली की काढायला लागायचं, पाऊस यायच्या आत, आणि फक्त अधिकाऱ्यांनी बाहेर पडायला हरकत नाही असं सांगितलं असेल तेव्हा. वर पाण्याचा पाइप मारायचा नाही, हीच चूक सगळ्यात जास्त होते, पाणी मारलं की वजन वाढतं आणि जे वाहून जातं ते पन्हळीत आणि गटारात जाऊन घट्ट बसतं. धूळ उडू नये इतपतच हलकं शिंपडायचं, मग खोऱ्याने किंवा झाडूने थोडं थोडं ओढायचं, दोन्ही बाजूंनी सारखं, एका बाजूला ढीग करायचा नाही. पत्र्यावर राख असली की पाय घसरतो आणि साफसफाईत पडून जखमी होणारे बरेच असतात, म्हणून एकट्याने चढू नका, दोरी बांधा. जमा केलेली राख पोत्यात भरून जिथे सांगितलंय तिथेच टाका.

बाकी छोट्या गोष्टी: एन-९५ मास्क, ओलं फडकं काहीच नसेल तेव्हाचा पर्याय. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवायच्या. पाण्याच्या टाकीचं झाकण राख यायच्या आधी बंद करायचं आणि गच्चीवरून टाकीत येणारा पाइप काढून ठेवायचा. गुरांचा चारा झाकायचा.

लाहार म्हणजे काय?

हा शब्द मूळचा जावातला, इंडोनेशियाचा. ज्वालामुखीचा सुटा माल आणि पाणी मिसळून नदीपात्रातून जो लोंढा येतो तो लाहार. बघायला मिक्सरमधून ओतलेल्या काँक्रीटसारखा. पूर आणि लाहार यात फरक असा की पुरात पाण्यात गाळ असतो, दाट लाहारमध्ये गाळात थोडं पाणी असतं. म्हणून तो घराएवढे दगड उचलून नेतो, पुलाचे खांब तोडतो, आणि वाटेतले काठ खाऊन स्वतः मोठा होत जातो. थांबला की पाणी निघून जातं आणि मागे जे उरतं ते कडक होतं, त्यात अडकलेल्या माणसाला ओढून काढणं फार अवघड.

माळीणला झाली तशी दरड आणि लाहार, एकच ना?

नातेवाईक म्हणा, पण एक नाही. दरड डोंगराच्या पायथ्याशी येऊन साधारण थांबते. लाहार नदी धरतो आणि पन्नास-शंभर किलोमीटर जातो, जिथून डोंगर नीट दिसतही नाही अशा गावात पोचतो. म्हणून लाहारचा नकाशा डोंगराभोवती वर्तुळ काढून होत नाही, नदीनदीने काढावा लागतो. ३० किलोमीटरवरचं टेकडीवरचं गाव सुरक्षित आणि ६० किलोमीटरवरचं नदीकाठचं गाव धोक्यात, असं होऊ शकतं.

उद्रेक संपला की लाहारचा धोकाही संपतो का?

नाही, बऱ्याचदा तिथून सुरू होतो. आता ते २०० मीटर आठवा. पिनातुबोच्या उतारांवर पाच घन किलोमीटरच्या वर सुटा माल पडून राहिला होता. झाडंझुडपं गेलेली, वरच्या बारीक राखेने जमीन पाणी आत घेत नव्हती. मग दर पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या जून ते नोव्हेंबरच्या वादळांच्या दिवसांत, साकोबिया, पासिग-पोत्रेरो, ओ'डॉनेल अशा नद्यांमधून लाहार येत राहिले, वर्षानुवर्षं. जाड थर आतून कित्येक वर्षं गरम होते, त्यामुळे लाहारही कधी वाफाळत यायचे, आणि पाणी आत गाठलं की स्फोट व्हायचे, उद्रेक नसताना.

नदीचं पात्र गाळाने भरत जातं, आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच होतं, आणि मग एक दिवस नदी जागा बदलते. ऑक्टोबर १९९३ मध्ये वरच्या बाजूला पासिग नदीने साकोबियाचं पाणलोट स्वतःकडे ओढून घेतलं. म्हणजे कालपर्यंत जो माल साकोबियाच्या गावांकडे जायचा तो आता पासिग-पोत्रेरोच्या गावांकडे येणार. जुना नकाशा हातात धरून बसलेल्याला हे कळणारच नाही, म्हणून लाहारचा नकाशा दर पावसाळ्याआधी नव्याने तपासावा लागतो.

१ ऑक्टोबर १९९५ ला, उद्रेकानंतर चार वर्षांनी, एका वादळाच्या पावसात पासिग-पोत्रेरोच्या लाहारने बाकोलोर गाव गाडलं, तिथला काबालांतियान भाग तर जवळजवळ पूर्ण. सान गिलेर्मोचं जुनं चर्च साधारण सहा मीटर, म्हणजे निम्म्या उंचीपर्यंत बुडालं.

लाहार येतोय हे कळायला काही साधन असतं का?

असतं, आणि इथे वेळही मिळतो, हाच फरक. पिनातुबोच्या वरच्या भागात पर्जन्यमापक बसवले जे रेडिओने आकडे पाठवायचे, आणि पात्रांच्या काठावर जमिनीचं कंपन ऐकणारी यंत्रं. दगडधोंडे घेऊन लोंढा जातो तेव्हा जमीन भूकंपापेक्षा वेगळ्या, जास्त फ्रिक्वेन्सीने थरथरते, ते यंत्र ओळखतं. शिवाय टेकड्यांवर माणसं बसायची, रेडिओ घेऊन, आणि लोंढा दिसला की खाली कळवायची. यंत्राची बॅटरी जाते, अँटेना राखेखाली जाते, पण धुक्यात आणि रात्री माणसालाही दिसत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

यंत्र नसेल तर कानांवर जायचं. पात्राकडून ट्रेनसारखा घरघराट, पायाखाली थरथर, नदीचं पाणी अचानक आटणं किंवा एकदम गढूळ होणं. यातलं एक जरी जाणवलं तरी नदीच्या दिशेने नाही, नदीला काटकोनात, चढावर जायचं. पुलावर थांबून बघायचं नाही. आणि एक लोंढा गेला म्हणून लगेच खाली यायचं नाही, मागून दुसरा येतो.

वेळ मिळतो तर मग कोलंबियात आर्मेरोला एवढी माणसं का गेली?

कारण वेळ होता पण निरोप पोचला नाही, पोचला तिथे निर्णय झाला नाही. १३ नोव्हेंबर १९८५, नेवादो देल रुईस हा बर्फाच्छादित ज्वालामुखी. उद्रेक तसा छोटाच. रात्री नऊच्या सुमाराला पायरोक्लास्टिक फ्लो शिखरावरच्या बर्फावर गेले, एकूण बर्फाच्या दहाव्या भागाच्या आसपासच वितळला, पण तेवढं पाणी पुरलं. लागुनिया नदीतून लाहार ७४ किलोमीटर खाली आर्मेरोला साडेअकराच्या आसपास पोचला. हातात साधारण अडीच तास. गावाला लागूनच उंच जागा होती, चालत जाता येईल अशी.

हॅझर्ड मॅप ऑक्टोबरमध्येच तयार झाला होता आणि त्यात आर्मेरो धोक्यात दाखवलं होतं. दुपारी गावात राख पडली, लोक घाबरले, पण घरात शांत बसा असं सांगितलं गेलं. संध्याकाळी राख थांबली, त्यामुळे सगळं निवळलं असं वाटलं. रात्री वादळी पाऊस, लाइट गेलेले. २९,००० च्या गावातली २०,००० पेक्षा जास्त माणसं गेली. आणि गाव बसलं होतं ते १८४५ च्या लाहारच्याच चिखलावर.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायचीय. "घरात बसा" हा सल्ला राखेसाठी बरोबर आहे, लाहारसाठी जीवघेणा आहे. एकाच डोंगराच्या दोन धोक्यांना उलट सल्ले लागतात. म्हणून गावाला सूचना देताना नुसतं "ज्वालामुखीचा इशारा" म्हणू नका, कशाचा इशारा ते सांगा.

लोकांना बाहेर काढलं की काम झालं ना?

पिनातुबोची आकडेवारी याला उत्तर देते. एकूण साधारण ८५० मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यू निवारा कॅम्पमधल्या आजारांनी झाले. त्यात जास्त करून आएता ही डोंगरावर राहणारी आदिवासी मंडळी होती, आणि गोवर हे एक मोठं कारण. विरळ वस्तीत राहणारी, बऱ्याच मुलांना लस नाही, काहींचा लसीवर विश्वास नाही, आणि एकदम हजारो माणसं तंबूत खेटून. जी माणसं वेळेत डोंगरावरून उतरली तीच अशी गेली. तेव्हा कॅम्पच्या यादीत तंबू आणि तांदूळ लिहितानाच गोवराची लस आणि त्यांची भाषा बोलणारा आरोग्यसेवक हेही लिहा.

आपल्याला याचा काय उपयोग, महाराष्ट्रात जिवंत ज्वालामुखी कुठे आहे?

महाराष्ट्रात नाही, भारतात अंदमानातलं बॅरन बेट आहे आणि तिथे वस्ती नाही. पण राख सीमा पाळत नाही. पुणे जिल्ह्यात बोरीला, कुकडी नदीच्या काठी, ज्वालामुखीय राखेचा थर आहे, ती सुमात्रातल्या टोबाची राख. टोबाच्या कोणत्या उद्रेकाची यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण आली तिकडूनच. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बीची राख पार भारतावर आली, विमानं रद्द झाली.

शिवाय आपली मुलं मेडिकलला फिलिपिन्सला जातात, नोकरीला इंडोनेशिया, जपानला जातात. घरातलं कुणी तिकडे राहणार असेल तर रूम घ्यायच्या आधी त्या भागाचा हॅझर्ड मॅप उघडून तीन गोष्टी बघायला सांगा. पत्ता पायरोक्लास्टिक पट्ट्यात येतो का, जवळची नदी कोणत्या डोंगरावरून येते, आणि छप्पर पत्र्याचं आहे की स्लॅबचं.

बाकोलोरच्या चर्चमध्ये लोक अजून प्रार्थनेला जातात. जमीनच वर आलीय, त्यामुळे जिथे पूर्वी खिडक्या होत्या तिथून आत जावं लागतं.